चिकन बिर्याणीच्या ताटात उष्मांक किती?

चिकन बिर्याणीच्या ताटात किती उष्मांक असतात, या प्रश्नाला एकच आकडा उत्तर म्हणून देता येत नाही. हाडे वगळून पाचशे ग्रॅम भरणारी दोन ताटे शेजारी ठेवली, तर एकात आठशे उष्मांक असू शकतात आणि दुसऱ्यात अकराशेच्याही वर. दोन्ही ताटांत तांदूळ तोच, मसाला तोच आणि वासही सारखाच असतो. फरक पडतो तो भाताचे प्रमाण, तेल-तूप, मांसाचे तुकडे आणि तळलेला कांदा या चार गोष्टींमुळे. या चौघांचे प्रमाण दर पातेल्याला बदलते, आणि एकाच पातेल्यातून वाढलेल्या दोन ताटांतही बदलते. तरीही उपयोगी पडेल इतका अंदाज बांधता येतो. त्यासाठी आधी पाणी आणि तेल यांचा हिशेब नीट समजून घ्यावा लागतो.

बोलताना ज्याला आपण एक कॅलरी किंवा एक उष्मांक म्हणतो, ती शास्त्रीय भाषेत किलोकॅलरी असते. आहारशास्त्रात ढोबळमानाने एक ग्रॅम पिष्टाचे चार, एक ग्रॅम प्रथिनाचे चार आणि एक ग्रॅम स्निग्धाचे नऊ उष्मांक धरतात. पाण्याचे शून्य. बिर्याणीचा सगळा हिशेब या चार आकड्यांतून निघतो.

कच्चे वजन आणि शिजलेले वजन

बिर्याणीच्या हिशेबातली सर्वांत मोठी चूक तेलात होत नाही, ती भातात होते. शंभर ग्रॅम कच्च्या बासमतीत सुमारे साडेतीनशे उष्मांक असतात. तोच तांदूळ शिजला की पाणी पिऊन अडीच ते पावणेतीनपट जड होतो. उष्मांक तेवढेच राहतात, पण आता ते अडीचशेहून अधिक ग्रॅमांत पसरलेले असतात. म्हणून शंभर ग्रॅम साध्या शिजलेल्या भातात सुमारे एकशे तीसच उष्मांक भरतात. ताटातला भात तोलायचा आणि त्याला कच्च्या तांदळाचा आकडा लावायचा, असे केले तर उत्तर जवळजवळ तिप्पट फुगते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटकांच्या तक्त्यांत मुख्यतः कच्च्या पदार्थांचे आकडे आहेत. ते वापरताना वजनही कच्चेच घ्यावे लागते.

चिकनमध्ये हेच उलट्या दिशेने घडते. कातडी काढलेल्या कच्च्या मांसाच्या शंभर ग्रॅमांत, छाती आणि तंगडी दोन्ही मिळून, सुमारे एकशे वीस उष्मांक असतात. शिजताना मांस पाणी सोडते आणि शंभराचे सत्तर-पंचाहत्तर ग्रॅम होते. त्यामुळे शिजलेल्या मांसाच्या शंभर ग्रॅमांत एकशे साठ ते एकशे नव्वदपर्यंत उष्मांक भरतात. छातीचा तुकडा या पट्ट्याच्या खालच्या टोकाला असतो, तंगडी वरच्या टोकाला. कातडीसकट चिकन असेल तर आकडा आणखी वर जातो, कारण कोंबडीची बरीच चरबी कातडीखालीच असते.

त्यात हाडांचा प्रश्न वेगळा. बिर्याणीसाठी कापलेल्या चिकनच्या वजनात सुमारे एक तृतीयांश भाग हाडांचा असतो. साडेसातशे ग्रॅम चिकन आणले तर खाण्याजोगे मांस पाचशेच्या आसपास निघते. जेवण झाल्यावर ताटात उरलेली हाडे तोलणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. पदार्थाच्या वजनातून ते वजन वजा केले की हाडांबाबत अंदाज करावाच लागत नाही.

तेल कुठे लपते

भात आणि मांस डोळ्यांना दिसतात आणि काट्यावर तोलता येतात. तेलाचे तसे नाही. ते भाताच्या शितांवर, मसाल्यात आणि तळलेल्या कांद्याच्या आत शिरून बसते. पंधरा मिलिलिटरच्या मोठ्या चमच्यात साधारण चौदा ग्रॅम तेल मावते, म्हणजे सव्वाशे उष्मांक. ताटात असा एक चमचा जास्त आहे की कमी, हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही. याउलट सव्वाशे उष्मांकांचा भात म्हणजे जवळजवळ शंभर ग्रॅम, आणि एवढा फरक कोणालाही चटकन दिसतो. म्हणूनच भाताचा अंदाज सहसा फार चुकत नाही आणि तेलाचा मात्र हमखास चुकतो.

तेलाचा सर्वांत फसवा भाग म्हणजे तळलेला कांदा, ज्याला खानसामे बिरिस्ता म्हणतात. कच्च्या कांद्यात ८५ टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि शंभर ग्रॅमला जेमतेम चाळीस उष्मांक. पातळ उभा चिरून तो तेलात सोडला की पाणी वाफ होऊन निघून जाते आणि त्या जागी तेल शिरते. अर्धा किलो कांद्याचा खरपूस तांबूस बिरिस्ता जेमतेम सव्वाशे-दीडशे ग्रॅम भरतो आणि त्यातला जवळजवळ निम्मा भाग तेल असतो. त्यामुळे शंभर ग्रॅम बिरिस्त्यात साडेपाचशेच्या आसपास उष्मांक असतात, म्हणजे कच्च्या कांद्याच्या तेरा-चौदापट. ताटावर भुरभुरलेल्या मूठभर कांद्याचे वजन दहा-पंधरा ग्रॅमच असते, पण त्यात साठ ते ऐंशी उष्मांक असतात. भाजीत परतलेल्या कांद्याला आणि बिर्याणीवरच्या कांद्याला एकच आकडा लावला तर हा भाग हिशेबातून निसटतो.

घरच्या पातेल्याचा हिशेब

घरी बिर्याणी होत असेल तर ताटापासून सुरुवात करू नये, पातेल्यापासून करावी. पातेल्यात काय काय पडले हे माहीत असते आणि कच्च्या पदार्थांचे आकडेही तक्त्यात मिळतात. दम देताना किती पाणी वाफ झाले किंवा भाताने किती पाणी घेतले, याची चिंता उरत नाही, कारण पाण्याने वजन बदलते, उष्मांक बदलत नाहीत.

अर्धा किलो तांदळाच्या बिर्याणीचे उदाहरण घेऊ. त्यासाठी साडेसातशे ग्रॅम हाडांसकट पण कातडी काढलेले चिकन, दोनशे ग्रॅम दही, अर्धा किलो कांदा, आले-लसूण, मसाले, कोथिंबीर-पुदिना आणि केशर घातलेले थोडे दूध असा ऐवज आहे. कांदा तळायला कढईत तीनशे ग्रॅम तेल घेतले. कांदा निथळून काढला, त्याच तेलातले काही चिकन मुरवताना घातले आणि शेवटी कढईत दोनशे ग्रॅम तेल उरले. म्हणजे बिर्याणीत शंभर ग्रॅम तेल गेले. त्यातले किती कांद्याने प्यायले आणि किती मसाल्यात गेले, हे वेगळे काढण्याची गरजच नाही. सुरुवातीचे तेल वजा उरलेले तेल, एवढ्या एका वजाबाकीत तळणाचा सगळा गोंधळ मिटतो. शेवटचा थर लावल्यावर वरून तीस ग्रॅम तूप सोडले.

आता बेरीज करू. पाचशे ग्रॅम तांदळाचे १७५०. पाचशे ग्रॅम निव्वळ मांसाचे ६००. दह्याचे १२०. कांद्याचे स्वतःचे २००. शंभर ग्रॅम तेलाचे ९००. तुपाचे २७०. दूध, आले-लसूण, मसाले आणि हिरवा मसाला मिळून सुमारे १५०. एकूण ३९९०, म्हणजे जवळजवळ चार हजार. यातला तेल-तुपाचा वाटा ११७०, म्हणजे तीन दशांशाच्या जरासा आत. तांदूळ भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिले असेल, तर पिष्टाचा थोडा अंश त्याबरोबर जातो. तेवढा फरक या हिशेबात सोडून द्यायला हरकत नाही.

पातेले रिकामे असतानाच तोलून ठेवलेले असले, तर दम उतरल्यावर भरलेल्या पातेल्याच्या वजनातून ते वजा करता येते. या उदाहरणात बिर्याणी सुमारे २४०० ग्रॅम भरेल. त्यात अडीचशे ग्रॅम हाडे, म्हणजे खाण्याजोगा भाग २१५० ग्रॅम. चार हजाराला २१५० ने भागले की शंभर ग्रॅमला १८५ च्या आसपास उष्मांक येतात. साध्या भाताच्या १३० शी तुलना केली, तर तेल, तूप आणि बिरिस्त्याने काय केले हे या एका आकड्यातच दिसते.

एकाच पातेल्यातली दोन ताटे

हा सरासरी आकडा पूर्ण पातेल्याला लागू पडतो. एकेका ताटाला तो तंतोतंत लागू पडत नाही, कारण बिर्याणी थरांची असते. वरच्या थरात तूप, केशर आणि बिरिस्ता, खालच्या थरात मांस आणि मसाला. वाढणाऱ्याचा हात कुठून पडतो, त्यावर ताटाचे गणित बदलते.

वरच्याच पातेल्यातले मांस वेगळे काढून पाहिले, तर शिजलेल्या मांसाच्या शंभर ग्रॅमांत सुमारे १६० उष्मांक येतात आणि मसाला व तेल लागलेल्या भाताच्या शंभर ग्रॅमांत सुमारे १९०. मांस ‘जड’ आणि भात ‘हलका’ ही समजूत इथे उलटी ठरते, कारण तेल-तुपाचा मोठा भाग भात आणि मसाल्यातच राहतो.

साडेचारशे ग्रॅमची दोन ताटे घेऊ. पहिल्यात नव्वद ग्रॅमचा एक तुकडा आणि ३६० ग्रॅम भात. तुकड्यातली तीस ग्रॅम हाडे सोडली, तर मांसाचे ९५ आणि भाताचे ६९० मिळून सुमारे ७८५ उष्मांक. दुसऱ्यात तसेच तीन तुकडे, म्हणजे २७० ग्रॅम, आणि १८० ग्रॅम भात. हाडे नव्वद ग्रॅम, मांसाचे २९० आणि भाताचे ३४५ मिळून ६३५. वजन सारखे असूनही फरक दीडशेचा. काही भाग हाडांमुळे, काही भाग भातातल्या तेलामुळे.

म्हणून ताटाचा आकडा काढताना शक्य असेल तर भात आणि तुकडे वेगळे तोलावेत. ते जमत नसेल, तर वाढण्यापूर्वी झाऱ्याने पातेल्याच्या तळापर्यंत जाऊन थर उभे कापत काढावेत, म्हणजे प्रत्येक ताटात वरचा-खालचा भाग सारखा येतो आणि सरासरी आकडा बऱ्यापैकी लागू पडतो.

हॉटेलचे ताट

बाहेरच्या बिर्याणीत पातेल्याचा हिशेब हाती नसतो. तिथे ताटाचेच भाग करून प्रत्येकाचा अंदाज घ्यावा लागतो, आणि तेलासाठी एकच आकडा न धरता खालची आणि वरची अशा दोन मर्यादा धराव्या लागतात.

एका माणसासाठीचा पार्सल डबा घरी आणून तोलला असे समजू. तेल-मसाल्यासकट भात ४५० ग्रॅम, दोन मोठे तुकडे मिळून २०० ग्रॅम आणि वर सुमारे १५ ग्रॅम तळलेला कांदा. जेवणानंतर उरलेली हाडे ६५ ग्रॅम, म्हणजे खाल्लेले मांस १३५ ग्रॅम. शंभराला १७० धरून मांसाचे २३०. कांद्याचे ८०. आता राहिला भात. त्यात तेल किती? हॉटेलच्या बिर्याणीत एवढ्या भातामागे २५ ग्रॅमपासून ६० ग्रॅमपर्यंत तेल-तूप असणे सहज शक्य आहे.

इथे एक बारकावा लक्षात ठेवावा. ४५० ग्रॅमांतच तेलाचे वजनही आले आहे. त्यामुळे तेल जास्त तर तेवढा भात कमी. तेल २५ ग्रॅम असेल तर भात ४२५ ग्रॅम, दोन्हींचे मिळून सुमारे ७८० उष्मांक. तेल ६० ग्रॅम असेल तर भात ३९०, आणि बेरीज सुमारे १०५०. मांस आणि कांदा मिळवला की ताट कमीत कमी १०९० आणि जास्तीत जास्त १३६० उष्मांकांचे ठरते. मधला आकडा १२०० च्या आसपास. या अंदाजातली जवळजवळ सगळी अनिश्चितता एकट्या तेलातून आली आहे. मांस आणि भात कितीही काटेकोर तोलले, तरी ती कमी होत नाही.

ती कमी करण्याचा एक चांगला मार्ग म्हणजे आचाऱ्याला विचारणे. बिर्याणी करणारे आचारी हिशेब ताटावर करत नाहीत, किलोवर करतात. एक किलो तांदळाला चिकन किती आणि तेल-तूप किती, हे त्यांना तोंडपाठ असते. समजा, उत्तर आले ‘किलोला तीनशे ग्रॅम’. एक किलो तांदळाचा भात सुमारे २७०० ग्रॅम होतो. डब्यात निव्वळ भात चारशेच्या आसपास, म्हणजे कच्चा तांदूळ दीडशे ग्रॅम, किलोचे पंधरा टक्के. तीनशेचे पंधरा टक्के म्हणजे ४५ ग्रॅम तेल. कांदा तळताना गेलेले तेलही त्या तीनशेत धरले असेल, तर वरच्या बिरिस्त्यातले सहा-सात ग्रॅम वजा करावेत, कारण ते कांद्याच्या ८० उष्मांकांत आधीच मोजले गेले आहे. एवढ्याने ३५ ग्रॅमांचा पट्टा अगदी अरुंद होतो. लग्नाच्या किंवा सोसायटीच्या कार्यक्रमाच्या बिर्याणीला आणि वजनावर मिळणाऱ्या बिर्याणीलाही हीच रीत लागू पडते.

विचारणे शक्य नसेल तर डब्याकडे नीट पाहावे. भात काढून घेतल्यावर तळाशी तेल साचलेले दिसत असेल, तर मधल्या आकड्यापेक्षा वरच्या मर्यादेकडे झुकावे. मात्र तळाशी राहून गेलेले तेल खाल्लेले नसते, ते मोजायचे नाही. थंड झाल्यावर डब्याच्या कडेला पांढरट थर गोठला, तर बिर्याणीत तूप किंवा वनस्पती तूप आहे. साधे रिफाइंड तेल असे गोठत नाही. तूप असो की तेल, एका ग्रॅमचे उष्मांक जवळजवळ सारखेच, त्यामुळे गोठलेला थर तेलाची जात सांगतो, उष्मांक जास्त असल्याचे सांगत नाही. भाताची चकाकी मात्र भरवशाची खूण नाही. पंचवीस ग्रॅम तेलानेही शिते चकाकतात आणि पन्नास ग्रॅमनेही.

काटा नसेल तर वाटी चालते. घरातली एक ठरावीक वाटी मोकळ्या शिजलेल्या भाताने भरून एकदा तोलून ठेवावी. पुढे हॉटेलच्या ताटातला भात तशा किती वाट्या भरेल, एवढाच अंदाज घ्यायचा उरतो. भात दाबून भरला तर वाटीत बराच जास्त मावतो, म्हणून दोन्ही वेळा तो सैलच धरावा.

बिर्याणीबरोबर येणाऱ्या गोष्टी वेगळ्या मोजाव्यात. कांदा-टोमॅटोच्या रायत्याच्या वाटीत पन्नास-साठ उष्मांक असतात. हैदराबादी पद्धतीच्या सालनात शेंगदाणे, तीळ, खोबरे आणि तेल असल्यामुळे छोटी वाटीही दीडशेच्या पुढे जाऊ शकते. एका उकडलेल्या अंड्याचे सत्तर. कोलकात्याच्या आणि मुंबईच्या पद्धतीच्या बिर्याणीत बटाटा असतो. तो नुसता उकडलेला असेल तर शंभर ग्रॅमला ऐंशीच्या आसपास, म्हणजे तेवढ्याच भातापेक्षा कमी, पण तळून घातलेला असेल तर त्यातही तेल शिरलेले असते.

आकडा किती विश्वासाचा

दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना मेन्यूवर पदार्थाचे उष्मांक देण्याचे बंधन भारतात २०२२ पासून लागू झाले. तो आकडा ठरलेल्या कृतीचा आणि ठरलेल्या वजनाचा असतो. ताटात प्रत्यक्ष आलेले वजन वेगळे असेल, तर छापील आकडा त्याच प्रमाणात वाढवून किंवा कमी करून घ्यावा. आकड्याबरोबर ‘एका माणसासाठी’ किती ग्रॅम धरले आहेत, हेही वाचावे. काही वेळा एक डबा दोघांसाठी धरलेला असतो.

घरी तोलून केलेल्या पातेल्याच्या हिशेबात चूक राहिली तरी थोडीच राहते. हॉटेलच्या ताटाचा तोलून काढलेला अंदाज शंभर-दीडशेने इकडेतिकडे होणारच, आणि नुसत्या नजरेचा त्याहून जास्त. म्हणून ‘१२०३ उष्मांक’ असे लिहून ठेवण्याला अर्थ नाही. ‘अकराशे ते साडेतेराशे, बहुधा बाराशे’ असे लिहिणेच खरे. वजनावर किंवा साखरेवर लक्ष ठेवणाऱ्याने नेहमी मधलाच आकडा धरावा, सोयीचा खालचा आकडा धरू नये, कारण एकाच बाजूची चूक दर जेवणाला साचत जाते. आणि ताट हलके करायचे असेल तर सुरुवात तेल आणि बिरिस्त्यापासून करावी. कढईत उरलेले तेल तोलण्याची सवय लावली, की बिर्याणीच्या ताटातला सर्वांत मोठा अज्ञात आकडा हाती येतो.